घटका भरली

"काय म्हणतंय ते?" काकूंनी विचारलं.

स्क्रीनच्या मधोमध एकच ओळ होती, `Session expired. Please login again.` तिचं मराठी काय करावं ते मला पटकन सुचेना. सेशन कोर्टाचं ठाऊक होतं, अधिवेशनाचं ठाऊक होतं, पण फॉर्मचं सेशन काकूंना कसं सांगायचं? शेवटी म्हटलं, "काकू, ते आपल्याला विसरलं."

"आत्ता तर समदं सांगितलं की त्याला!"

काकूंचं बरोबर होतं. तास-सव्वा तास आम्ही दोघी त्याला सगळं सांगतच होतो. २०१८ च्या जुलैचा शेवटचा आठवडा होता. सेलूहून जिंतूरकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव. घराच्या पुढच्या खोलीत माझं सेवा केंद्र आहे, म्हणजे एक डेस्कटॉप, एक प्रिंटर, थंब घ्यायची मशीन आणि बाहेर ओट्यावर बसलेली माणसं. आदल्या वर्षी कर्जमाफीचे फॉर्म भरून हात तयार झाला होता. त्यात नवरा-बायको दोघांना समोर बसवून दोघांचे अंगठे घ्यावे लागत, त्यामुळं लांब फॉर्मची भीती आता उरली नाही, असं मला वाटायचं. काकूंचा फॉर्म वेगळ्या योजनेचा होता. पोर्टलचं नाव घेत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते बऱ्याच पोर्टलांवर थोड्याफार फरकानं तसंच घडतं.

फॉर्मची पाच पानं होती. पहिल्यावर नाव-गाव-आधार, दुसऱ्यावर बँक, तिसऱ्यावर जमीन, चौथ्यावर कागदपत्रं, पाचव्यावर कबुली आणि ओटीपी. पहिलं पान झपाट्यानं झालं. बँकेच्या पानावर अडलो. काकूंचं पासबुक जुन्या स्टेट बँक ऑफ हैदराबादचं. ती बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली आणि SBHY नं सुरू होणारे शाखेचे कोड SBIN चे झाले. मराठवाड्यात घरोघरी हीच पासबुकं होती. नवा कोड शोधण्यात दहा मिनिटं गेली. मग जमिनीचं पान. काकूंचं क्षेत्र पाच गटांत तुकड्या-तुकड्यानं, त्यातल्या दोन गटांत दिराचं नाव सामाईक. प्रत्येक गट नंबर, एकूण क्षेत्र, त्यातलं काकूंचं क्षेत्र, पीक, पेरणीची तारीख. सोयाबीन किती गुंठे आणि त्यात आंतरपीक तूर किती, हे काकू ओळींत सांगायच्या, "चार तासाआड एक तास तुरीचं," आणि मी त्याचं हेक्टर-आर करायची. चौथा गट घालून झाला तेव्हा पाचव्याचा सातबारा पिशवीत सापडेना. काकूंनी पिशवी जमिनीवर ओतली. जुनी लग्नपत्रिका, रेशनकार्ड, दवाखान्याचे कागद, खताची पावती. सातबारा नव्हता. शेजारचं पोरगं घरी पळालं आणि कागद घेऊन आलं. मी पाचवा गट घातला, पानाच्या तळाशी `Save & Next` होतं ते दाबलं, आणि ती ओळ आली.

पुन्हा लॉगिन करून पाहिलं. पहिल्या दोन पानांची माहिती होती. जमिनीचं पान कोरं होतं, एकही गट नाही.

त्या दिवशी मी नेटला शिव्या दिल्या. पुढचे दोन महिने शिव्या देतच राहिले, कंपनी बदलली, नवा राऊटर आणला. फॉर्म तरीही अधूनमधून उडतच होते. गंमत अशी की नेट मुळीच गेलेलं नसायचं. बाजूला गाणं सुरू असायचं आणि फॉर्म मात्र आम्हाला विसरलेला असायचा.

दिवाळीत भावाचा मुलगा आला. तो पुण्यात वेबसाइटी बनवायच्या कंपनीत आहे. मी तक्रार केली तशी त्यानं एकच प्रश्न विचारला, "आत्या, उडायच्या आधी तू किती वेळ काहीच दाबलं नव्हतंस?"

मी म्हटलं, "काहीच दाबलं नव्हतं म्हणजे? मी सारखी टाइप करत होते."

"टाइप करणं म्हणजे दाबणं नाही."

इथं माझी सगळी गफलत उघडी पडली. मी समजत होते की मी एकेक अक्षर लिहिते तसं ते तिकडं, मुंबईला का दिल्लीला जिथं कुठं सर्व्हर आहे तिथं, जात असतं. भाच्यानं सांगितलं ते असं. समोरचं पान म्हणजे पाटी. तू पाटीवर पाच गट लिही, पुस, परत लिही, मास्तरांना त्याचा पत्ता नसतो. `Save` दाबतेस तेव्हा तू पाटी उचलून मास्तरांपुढं धरतेस. मधला अर्धा तास मास्तरांच्या दृष्टीनं तू वर्गातच नाहीस. बरं, मास्तरही विसरभोळे. वेबचा मूळ कायदाच असा आहे की प्रत्येक वेळी समोर येणारा माणूस नवा. म्हणून लॉगिन करताना ते तुझ्या ब्राउझरला एक बिल्ला देतात, त्याला कुकी म्हणतात, आणि आपल्या रजिस्टरात त्या बिल्ल्याच्या नंबरासमोर लिहून ठेवतात की ही अमुक केंद्राची बाई. पुढं दर वेळी ब्राउझर बिल्ला दाखवतो, मास्तर रजिस्टर उघडतात आणि ओळखतात. ठरावीक वेळ बिल्ला दिसला नाही, की ती ओळ खोडली जाते. मग तू पाटी घेऊन गेलीस तरी ते म्हणणार, आपण कोण? आणि अनोळखी माणसाची पाटी ते वाचत नाहीत.

म्हणजे सातबारा शोधायला पोरगं पळालं तेव्हा, काकू पेरणीची तारीख आठवत होत्या तेव्हा, आणि मी खाली मान घालून भराभर टाइप करत होते तेव्हासुद्धा, तिकडं एकच हिशेब चालू होता: कोणी नाही, कोणी नाही, अजून कोणी नाही.

"किती वेळानं खोडतात?" मी विचारलं.

त्यानं लॅपटॉप उघडून एक ओळ दाखवली. पीएचपी नावाची भाषा आहे, तिच्यावर जगातल्या असंख्य साइटी चालतात, आणि तिच्या सेटिंगच्या फायलीत आधीपासूनच हे लिहिलेलं असतं:

```
session.gc_maxlifetime = 1440
```

मी १४४० वाचलं आणि म्हटलं, अरे, दिवसाची मिनिटं की ही! म्हणजे अख्खा दिवस ठेवतात. तो हसला. "मिनिटं नाहीत आत्या, सेकंद. चोवीस मिनिटं."

आमचे वडील पंचांग बघायचे. चोवीस मिनिटं ऐकल्यावर माझ्या तोंडून आपोआप निघालं, "म्हणजे एक घटका."

खरंच एक घटका. दिवसरात्रीच्या साठ घटका, आणि एक घटका चोवीस मिनिटांची. पूर्वी लग्नात घंगाळातल्या पाण्यावर तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडायचे. ती भरत भरत जाऊन बुडाली की एक घटका झाली. पीएचपी बनवणाऱ्यांनी काही आपलं पंचांग पाहिलं नसणार, पण आकडा तोच निघाला. भाच्यानं हेही सांगितलं की दुसऱ्या घडणीच्या साइटींचा आकडा दुसरा असतो. एएसपी डॉट नेटमध्ये कोणी हात लावला नाही तर वीस मिनिटं, टॉमकॅटमध्ये तीस. बनवणारा तो कमी-जास्त करू शकतो. पण पुष्कळ ठिकाणी कोणी हातच लावत नाही. फॉर्म भरायला माणसाला किती वेळ लागतो हे कोणी मोजलेलं नसतं. यंत्रासोबत आलेला आकडा तसाच राहतो आणि आमच्या ओट्यावर बसलेल्या माणसांना लागू होतो.

माझी एक शंका उरली होती. मे महिन्यात, गर्दी नसताना, हीच साइट मी जेवायला जाऊन आले तरी मला ओळखायची. जुलैच्या अखेरीला मात्र घटकाभरात विसरायची. हे कसं? यावर त्याचं उत्तर मला फार आवडलं. मुदत संपलेल्या ओळी आपोआप खोडल्या जात नाहीत, त्यासाठी झाडूवाला फिरावा लागतो. आणि पीएचपीच्या मूळ रीतीत तो घड्याळाप्रमाणं येत नाही. कोणी पाहुणा दारात आला, की शंभरात एकदा झाडूवाल्याला हाक जाते. मे महिन्यात पाहुणेच कमी, म्हणून झाडू क्वचित, म्हणून माझी मेलेली ओळ तासभर पडून राहायची आणि मी परत आले की पुन्हा जिवंत व्हायची. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात पाहुण्यांची रीघ, झाडू अखंड चालू. म्हणजे ज्या दिवशी आम्हाला सवलत सगळ्यात जास्त हवी, नेमक्या त्याच दिवशी घटका काटेकोर मोजली जाते. शिकलेली माणसं ह्याला योगायोग म्हणतील. आमच्या काकू याला दुसरंच नाव देतील.

मग मी मोजायचं ठरवलं. नोव्हेंबरात काम कमी होतं. लॉगिन करून, स्वतःच्याच नावाचा फॉर्म उघडून, कुकरची शिटी मोजावी तशी मोबाइलवर वेळ लावून बसायची. दहा मिनिटं गप्प बसून एक पान उघडायचं, मग पंधरा, मग वीस, मग पंचवीस. दोन पोर्टलं वीसच्या आसपास विसरायची, एक तीसला, आणि एक पठ्ठं दहालाच. त्याच्यावर पैशांचे व्यवहार होते, म्हणून असेल. हे आकडे मी एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवले. तो कागद आजही आहे, फक्त आकडे दोनदा बदलले.

या मोजणीत एक जास्त उपयोगाची गोष्ट कळली. जमिनीच्या पानावर प्रत्येक गट भरल्यावर `Add` दाबायचं असतं. दाबलं की खाली तक्त्यात ओळ उमटते, गट नंबर, क्षेत्र, पीक, सगळं छान रांगेत. मला वाटायचं की तक्त्यात उमटलं म्हणजे साठवलं गेलं. भाच्यानं फोनवर एक कसोटी सांगितली. काही गमवायचं नसेल अशा कोऱ्या फॉर्मवर एक खोटा गट भर, मग राऊटरची वायर काढ आणि `Add` दाब. वायर काढूनही ओळ तक्त्यात आली, तर ती सर्व्हरला गेलीच नाही, ती तुझ्या पाटीवरच उमटली आहे. आली नाही, गोल फिरत राहिलं, तर ते बटण खरोखर तिकडं विचारत होतं. मी वायर काढली. ओळ ऐटीत तक्त्यात येऊन बसली. काकूंचे पाच गट कुठं गेले ते त्या क्षणी समजलं. ते कधी कुठं गेलेच नव्हते.

तेव्हापासून मोठ्या जमिनीच्या माणसाचं पान मी एका दमात भरत नाही. दोन गट घालते, `Save` दाबते, हिरवी पट्टी येते का बघते, मागं जाऊन पुढचे दोन घालते. काही फॉर्म यालाही आडवे येतात. पानावरचा लाल चांदणीचा एक जरी रकाना रिकामा राहिला तर ते अर्धं पान साठवून घेतच नाहीत. म्हणून आधी लाल चांदणीचे रकाने, मग बाकीचे, असा माझा क्रम उलटापालटा झालाय. आणि नुसत्या हिरव्या पट्टीवरही मी भरवसा ठेवत नाही. नवीन योजना आली की पहिल्या माणसाच्या फॉर्मला पहिलं पान साठवून पूर्ण लॉगआउट करते, परत आत जाते आणि ते पान तसंच आहे का बघते. शिवाय अर्ज क्रमांक. तो मिळाला असेल तर अर्ज रजिस्टरात आहे. मिळाला नसेल तर पडद्यावर कितीही भरलेलं दिसो, ते पाटीवरचंच समजायचं.

आता ओट्यावरच्या वहीचं सांगते. दोनशे पानी साधी वही. तिच्या डाव्या पानावर मी फॉर्मचे सगळे रकाने पोर्टलच्या क्रमानं लिहून ठेवलेत. माणूस आला की आधी लॉगिन नाही, आधी वही. गट, क्षेत्र, पीक, तारीख, खात्याचा नंबर, आधारला जोडलेला मोबाइल कोणाकडं आहे, सगळं उजव्या पानावर पेननं. सातबारा हरवला असेल तर तो इथं हरवतो, घटका सुरू व्हायच्या आधी. कागदपत्रांचे फोटो काढून, आकारानं लहान करून, त्या माणसाच्या नावाच्या फोल्डरात आधीच ठेवलेले. हे महत्त्वाचं, कारण पान पुन्हा उघडावं लागलं तर ब्राउझर कधी कधी लिहिलेलं परत आणून देतो, पण निवडलेली फाइल कधीच आणत नाही. कुठल्याही साइटला आपल्या संगणकातली फाइल परस्पर उचलता येऊ नये म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलंय. वहीनं वेळ वाचतो का? नाही. पहिल्यांदा उलट वाढतो, एकच गोष्ट दोनदा लिहावी लागते. ओट्यावरची तरुण पोरं हसली, "ताई, ऑनलाइनच्या जमान्यात वही?" पण पोर्टल उघडल्यावर पाच पानांचा फॉर्म पंधरा-अठरा मिनिटांत होतो. घटकेच्या आत.

ओटीपीचं मात्र वहीला काही करता येत नाही. आधारला मोबाइल जोडलेला असतो लेकाचा, लेक असतो चाकणला कंपनीत, आणि कंपनीत मोबाइल बाहेर ठेवून जावं लागतं. ओटीपीचं घड्याळ आणखी वेगळं, ते सेशनच्याही आधी संपतं. म्हणून आधी लेकाला फोन, तो जेवणाच्या सुट्टीत मोबाइलजवळ कधी येणार ते विचारायचं, आणि पाचवं पान त्या वेळेला उघडायचं. अशा नोंदींनी माझी वही भरलीय: "दु. १ ला जेवण, तेव्हा."

एवढं करूनही कधी कधी घटका भरतेच. अशा वेळी काय करायचं हे मी सगळ्यात उशिरा शिकले, आणि केंद्र चालवणाऱ्या ज्या कोणाला भेटते त्याला आधी तेच सांगते. वेळ टळून गेली असा संशय आला की `Save` दाबायचंच नाही. दाबलं की पान जाणार. पाटी अजून आपल्या हातात आहे, तिच्यावर सगळं लिहिलेलं आहे, ते आधी वाचवायचं. मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढायचा, वर-खाली सरकवून दोन-तीन. मग त्याच ब्राउझरात दुसरी टॅब उघडून त्याच पोर्टलचं मुख्य पान बघायचं. आपलं नाव दिसलं, तर ओळख अजून शाबूत आहे, आणि त्या उघडण्यानंच घटकाही नव्यानं सुरू झाली. परत येऊन निर्धास्त `Save`. नाव दिसलं नाही, लॉगिन मागितलं, तर त्या दुसऱ्या टॅबमध्ये लॉगिन करायचं. बिल्ला ब्राउझरचा असतो, टॅबचा नसतो, म्हणून नवा बिल्ला जुन्या टॅबलाही मिळतो. आता जुन्या टॅबमध्ये जाऊन `Save`. बऱ्याचदा जातं. काही पोर्टलं पानाच्या पोटात त्या वेळच्या बिल्ल्याची एक गुप्त खूण लपवतात. खोट्या पानावरून कोणी अर्ज घुसवू नये म्हणून ती खूण. तिथं नवा बिल्ला आणि जुनी खूण जुळत नाहीत आणि अर्ज परत येतो. तेव्हा फोटो कामाला येतात. पण निदान काकूंना पुन्हा पिशवी ओतायला लावावी लागत नाही.

लाइट गेली तरी हेच. लाइट गेली की आमच्याकडं सगळ्यांचा हात `F5` कडं जातो, जणू ते बटण महावितरणला लागलंय. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर असतो, राऊटर नसतो, म्हणून नेट जातं. पण पान समोर असतं. ते ताजं करायला गेलात की उरलेलंही जातं. हात मांडीवर ठेवून बसायचं, नेट आलं की दुसऱ्या टॅबची कसोटी. मी शेवटी राऊटरच इन्व्हर्टरवर घेतला.

बिल्ला ब्राउझरचा असतो, टॅबचा नसतो. हे वाक्य मला फार महागात शिकायला मिळालंय. ते फॉर्म उडण्यापेक्षाही वाईट होतं. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला, ३१ जुलैची मुदत वाढून ३ ऑगस्ट झाली, आणि गावागावातल्या केंद्रांवर एवढी माणसं आली की ओटा पुरेना. त्या धामधुमीत, एका वेगळ्याच पोर्टलवर, दोन सख्ख्या भावांचे फॉर्म मी एकाच वेळी दोन टॅबमध्ये उघडले. एकाचं पान सावकाश उघडतंय तोवर दुसऱ्याचं भरू, असा हिशेब. मी फार हुशार झाले होते. थोरल्याचं जमिनीचं पान भरलं, मध्येच धाकट्याच्या टॅबवर जाऊन त्याचा फॉर्म उघडला, परत थोरल्याकडं येऊन `Save` दाबलं. हिरवी पट्टी आली. सगळं ठीक. संध्याकाळी प्रिंट काढली तर थोरल्याचे गट धाकट्याच्या नावावर.

पोर्टलनं काही चूक केली नव्हती, त्याच्या समजुतीप्रमाणं. रजिस्टरात माझ्या बिल्ल्यासमोर एकच रकाना असतो, "सध्या कोणाचा अर्ज उघडलाय." दुसऱ्या टॅबमध्ये मी धाकट्याचा उघडला तेव्हा तिथं धाकटा लिहिला गेला. पहिल्या टॅबवर थोरल्याचं नाव दिसतंय ते पाटीवरचं, मास्तरांच्या मनात धाकटा. मी थोरल्याची पाटी दाखवली, त्यांनी धाकट्याच्या खात्यात उतरवून घेतली. सुदैवानं अर्ज शेवटचा दाखल झाला नव्हता, दुरुस्त करता आला. भाऊ आधीच बांधावरून बोलत नव्हते. गट एकमेकांच्या नावावर चढलेत हे त्यांना कळलं असतं तर माझं केंद्र राहिलं नसतं. आता दोन माणसं एकदम घ्यायची झालीच तर एक क्रोममध्ये, एक फायरफॉक्समध्ये. खासगी विंडो उघडली तरी चालते, पण एकच. दोन खासगी विंडो आपसात बिल्ला वाटून घेतात. आणि प्रत्येक `Save` च्या आधी पानावर वर लिहिलेलं नाव मी मोठ्यानं वाचते. ओट्यावरच्या माणसांना ती माझी लकब वाटते.

मुळात विसरायचंच कशाला, असा राग यायचा. तो राग एका दुपारी गेला. मी लॉगिन तसंच ठेवून मागं चहा टाकायला गेले. परत येते तर एक शाळकरी पोरगं खुर्चीवर बसून, समोर उघडं असलेलं कोणाचं तरी खातं, आधारचे आकडे, जमीन, सगळं रस घेऊन वाचत होतं. पोरगं भाबडं होतं. दुसरं कोणी असतं तर? ज्या खोलीत दिवसाला तीस माणसं येतात, त्या खोलीतल्या संगणकानं मालकीण उठून गेली की विसरावं, हे बरोबरच आहे. माझी तक्रार विसरण्याबद्दल नाही, न सांगता विसरण्याबद्दल आहे.

यावर नियम आहे, हेही भाच्यानंच सांगितलं. वेबसाइटी सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे जगभर मानले जाणारे निकष आहेत, आणि भारत सरकारच्या संकेतस्थळांची नियमावली त्यांच्याच पायावर उभी आहे. त्यातला एक निकष असा: वेळेची मर्यादा असेल तर ती संपण्याआधी माणसाला इशारा द्या, एखादं साधं बटण दाबून वेळ वाढवायला निदान वीस सेकंद द्या, आणि असं निदान दहा वेळा वाढवू द्या. काही पर्याय आणि अपवाद आहेत, पण अर्थ तोच. मी अशी एक साइट वापरलीय. शेवटच्या दोन मिनिटांना वर पिवळी चौकट येते, सेकंद उलटे मोजत, "अजून वेळ हवा आहे का?" त्या चौकटीसाठी मी त्या साइटचे बाकीचे सगळे दोष माफ केलेत. आणखी एक चांगली रीत काही फॉर्मांत दिसते, ते लिहिलेलं ब्राउझरातच उतरवून ठेवत जातात, लाइट गेली तरी तिथून परत मिळतं. घरच्या संगणकाला उत्तम. माझ्या खोलीत मात्र पुढच्या माणसाला आधीच्या माणसाचं अर्धं खातं दिसायचं, म्हणून संध्याकाळी मी ब्राउझर झाडून काढते.

काकू अजून येतात. आता त्यांच्या पिशवीत एक प्लास्टिकचं पाकीट आहे, सातबारे क्रमानं, पासबुक नवं, आणि पाकिटाच्या आत चिठ्ठी, लेकाच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ. गेल्या खेपेला जमिनीचं पान भरताना मी सवयीनं दुसऱ्या टॅबवर जाऊन पोर्टलचं मुख्य पान उघडून आले. दोन गट झाले, पुन्हा गेले. काकू बघत होत्या.

"घडीघडी तिकडं काय बघायलीस?"

मी त्यांना घटिकापात्राचं सांगितलं. वाटी भरत आली की बुडायच्या आत उचलून, पाणी ओतून, परत तरंगत सोडायची.

"आमच्या लग्नात होती," काकू म्हणाल्या. "भटजीचं ध्यान नव्हतं, बुडून गेली. मग त्यानं अंदाजानंच अक्षता टाकायला लावल्या." थोडं थांबून त्यांनी चौथा सातबारा माझ्यापुढं सरकवला. "तू ध्यान दे. मी सांगते, लिही. गट एकशे बारा."